ओव्हरलोड तुटला की आधी घड्याळ बघा

नवतपा लागला की चंद्रपूर, बल्लारपूर, राजुरा, ब्रह्मपुरी या पट्ट्यात फ्रिज-एसीच्या मेकॅनिकचा फोन दुपारी बारापासून वाजायला लागतो. तक्रार बहुतेक वेळा एकाच साच्याची असते. "भाऊ, एसी पंधरा-वीस मिनिटं मस्त गार करते, मग नुसतीच हवा येते. बाहेरचा पंखा फिरतच राहते, पण तो घुर्र आवाज बंद होते. अर्ध्या-पाऊण तासानं आपोआप चालू होते, अन् पुन्हा तेच." मेकॅनिक येतो आणि बाहेरच्या युनिटची बाजूची पत्री उघडतो. आतला काळा, पिंपासारखा डोम भट्टीजवळ ठेवल्यासारखा धग देत असतो. वीज बंद करून, टर्मिनलच्या टोपीपासून लांब, त्यावर पाण्याचा एकच थेंब टाकला तर तो पसरत नाही, चर्र आवाज करून उडून जातो. म्हणजे पत्रा शंभर अंशांच्या पुढे गेला आहे.

इथून पुढे तीन गोष्टी होऊ शकतात. पहिली, मेकॅनिक पन्नास-शंभर रुपयांचा ओव्हरलोड बदलतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा फोन येतो. दुसरी, तो ओव्हरलोड काढून वायर डायरेक्ट जोडतो आणि एसी चालायला लागतो, काही दिवस. तिसरी, तो सांगतो की कॉम्प्रेसर गेला, आणि मग खर्चाचा आकडा पाच अंकांत जायला वेळ लागत नाही. या तिन्हींत एक गोष्ट राहून जाते. ओव्हरलोड बंद का पडतोय, हे त्याच्या बंद पडण्याच्या पद्धतीवरूनच बऱ्याच अंशी कळतं. त्यासाठी लागणारं पहिलं हत्यार म्हणजे मनगटावरचं घड्याळ, आणि दुसरं म्हणजे वायरभोवती अडकवून करंट मोजणारा क्लॅम्प मीटर.

टक् करून उलटणारी चकती

ओव्हरलोड, ओएलपी किंवा जुन्या मेकॅनिकांच्या तोंडी 'क्लिक्सन' ही एक छोटी काळी डबी असते. फ्रिजमध्ये ती कॉम्प्रेसरच्या कुशीला, रिलेच्या शेजारी बसवलेली असते. एसीच्या रोटरी कॉम्प्रेसरमध्ये ती डोमच्या माथ्यावर, टर्मिनलच्या टोपीखाली स्प्रिंगने दाबून ठेवलेली असते. तिच्या आत दोन वेगवेगळ्या धातूंचे थर एकमेकांना चिकटवून केलेली, किंचित खोलगट अशी चकती असते. तापल्यावर दोन्ही धातू सारखे पसरत नाहीत. ताण वाढत जातो आणि एका ठराविक तापमानाला ती चकती टक् करून उलटते, जसं पत्र्याच्या डब्याचं फुगलेलं झाकण दाबल्यावर आत बसतं. उलटली की तिच्या कडेचे संपर्क सुटतात आणि मोटारीची वीज तुटते. थंड झाली की ती पुन्हा टक् करून पूर्ववत होते. अशा चकतीचं पेटंट १९२० च्या दशकात जॉन स्पेन्सर या अमेरिकी माणसाने घेतलं. रात्रपाळीत भट्टी सांभाळताना तिचं पत्र्याचं दार तापल्यावर एका झटक्यात बाहेर फुगतं आणि निवल्यावर तसंच आत जातं, हे त्याच्या लक्षात आलं होतं.

या चकतीला ऊब दोन बाजूंनी मिळते, आणि सगळं निदान या एका गोष्टीवर उभं आहे. मोटारीचा करंट चकतीतून आणि बऱ्याच ओव्हरलोडमध्ये तिच्याखालच्या एका बारीक हीटरमधून जातो. करंट वाढला की ही आतली ऊब वाढते. दुसरी ऊब येते डोमच्या पत्र्याकडून, ज्याला ती डबी टेकलेली असते. नुसता करंट खूप वाढला तर डोम गार असतानाही चकती काही सेकंदांत उलटते. करंट बेताचा असला तरी डोम खूप तापला, तर ती उशिरा का होईना उलटतेच. दोन्ही थोडे थोडे वाढले तर दोघांची बेरीज तिला उलटवते. मॉडेलप्रमाणे आकडे बदलतात, पण साधारण १०० ते १३५ अंशांच्या दरम्यान ती सुटते आणि ६०-७० अंशांपर्यंत उतरल्यावर पुन्हा जुळते. डोम म्हणजे किलोंनी मोजायचं लोखंड, तांबं आणि तेल. ते भर उन्हाळ्यात इतकं निवायला अर्धा-पाऊण तास सहज घेतं.

सेकंदांत की मिनिटांत

म्हणून पहिला प्रश्न हा, की कॉम्प्रेसर चालू व्हायला गेल्यापासून किती वेळाने तुटला? ते मोजताना यंत्र पूर्ण निवलेलं हवं, नाहीतर आधीचा ताप हिशेबात येतो.

चालू व्हायचा प्रयत्न झाला, 'हूंऽऽ' असा दबका आवाज आला, घरातले दिवे क्षणभर मंदावले आणि पाच-पंधरा सेकंदांत टक् झालं, तर मोटार फिरलीच नाही. न फिरलेली मोटार तिच्या नेहमीच्या करंटच्या पाच-सहा पट, कधी त्याहूनही जास्त करंट ओढते. दीड टनाचा साधा एसी चालताना ७-८ अँपिअर घेतो, पण अडकलेल्या अवस्थेत ४० अँपिअरच्या आसपास जातो. घरातला फ्रिज चालताना एखादा अँपिअर घेतो, अडकला तर आठ-दहा. असं चक्र दर काही मिनिटांनी दिवसभर चालत राहिलं तर डोम तापतोच, कारण ती सगळी वीज फिरण्याऐवजी वाइंडिंग तापवण्यात जाते. तेव्हा डोम गरम आहे एवढ्यावरून काहीच ठरत नाही.

याउलट कॉम्प्रेसर नीट सुरू झाला, गारवा आला आणि दहा, वीस, चाळीस मिनिटांनी तुटला, तर मोटार फिरते आहे, पण तिच्यातली उष्णता बाहेर पडण्यापेक्षा वेगाने साठते आहे. दोन्ही दोषांची कारणं वेगळी, उपायही वेगळे. चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन जिल्ह्यांत दोन्ही मुबलक भेटतात, आणि त्यांची वाटणीही थोडीफार भूगोलाप्रमाणे झालेली दिसते.

सेकंदांत तुटणारा: लांब लाईनच्या टोकाला

एटापल्ली, भामरागड, सिरोंचा, कोरची या भागांत वीज जंगलातून लांबच लांब तारांवरून येते. आरमोरी-वडसा पट्ट्यात उन्हाळी धानाचे पंप एकाच डीपीवर चालू झाले की संध्याकाळचे दिवे पिवळे पडतात. अशा ठिकाणी भिंतीतल्या सॉकेटवर २३० व्होल्टऐवजी १८०-१९० मिळणं नवलाचं नाही.

मोटारीची उचल म्हणजे टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे घटतो. व्होल्टेज पाऊणपट झालं तर उचल पाऊणपट राहत नाही, निम्म्याच्या थोडी वर उरते. त्यात घरची वायर आपली भर घालते. समजा खांबापासून मीटरपर्यंत ५० मीटर अंतर आहे आणि ४ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर आहे. जाऊन-येऊन १०० मीटर वायरचा रोध साधारण पाऊण ओहम होतो. एसी चालताना ८ अँपिअरला तिच्यात ६ व्होल्ट पडतात, ते जाणवतही नाहीत. पण सुरू होतानाच्या ४० अँपिअरला तिथेच ३० व्होल्ट खर्ची पडतात. म्हणजे एसी बंद असताना मीटरवर २०५ व्होल्ट दिसतात आणि मालक म्हणतो, व्होल्टेज तर ठीक आहे. सुरू होण्याच्या क्षणी मात्र कॉम्प्रेसरच्या टर्मिनलवर १७५ च उरलेले असतात आणि उचल २३० व्होल्टच्या तुलनेत ५८ टक्क्यांवर आलेली असते. म्हणून व्होल्टेज मोजायचं ते युनिटच्या टर्मिनल पट्टीवर आणि सुरू होण्याच्याच क्षणी. दुसरी कोणतीही वेळ फसवी.

दुसरं कारण लाईट जाऊन लगेच येण्याचं. कॉम्प्रेसर चालू असताना त्याच्या एका बाजूला उंच दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब असतो. बंद झाल्यावर हे दोन्ही दाब बारीक केशनळीतून हळूहळू सारखे व्हायला तीनेक मिनिटं लागतात. वादळी संध्याकाळी झाडाची फांदी तारेला घासली, लाईट गेली आणि पाच सेकंदांत आली, तर कॉम्प्रेसरला त्या उंच दाबाविरुद्ध उचल घ्यावी लागते आणि ती त्याला झेपत नाही. मग हूंऽऽ आणि टक्. येथे बिघाड यंत्रात नाहीच. तीन मिनिटांचा डिले असलेला स्टॅबिलायझर हाच त्यावर उपाय. सरकारी आरोग्य केंद्रांत लसींचं तापमान २ ते ८ अंशांत राखणारे आइस-लाइन्ड रेफ्रिजरेटर स्वतंत्र स्टॅबिलायझरवरूनच चालवायचे, असा नियम आहे. त्यामागचं एक कारण हेच.

स्टॅबिलायझरलाही मर्यादा आहे. १६० व्होल्टचे २३० करून द्यायचे तर तो लाईनकडून जवळजवळ दीडपट करंट ओढतो. वायर आधीच बारीक असेल तर तिच्यातली घट आणखी वाढते आणि येणारं व्होल्टेज अजून खाली जातं. सैल कटआउट आणि काळा पडलेला जोड तसाच ठेवून मोठा स्टॅबिलायझर लावला, तर पैसे जातात आणि जोड जळतो. आधी वायर आणि जोड बघायचे, मग स्टॅबिलायझर.

व्होल्टेज चांगलं असूनही सेकंदांत तुटत असेल, तर एसीत पहिला संशय कपॅसिटरवर घ्यायचा आणि फ्रिजमध्ये रिलेवर. कपॅसिटर फुगलेला दिसला तर निदान सोपं आहे. पण न फुगताही तो आतून कमी झालेला असतो, म्हणून मीटरवर मोजूनच ठरवायचं. जंगलालगतच्या घरांत आणखी एक भानगड होते. ऊब आणि आडोसा शोधत मुंग्या रिले-कॉन्टॅक्टरमध्ये शिरतात, संपर्कांमध्ये चिरडल्या जातात आणि तिथे जळका थर बसतो. संपर्क अर्धवट जुळतो आणि मोटारीला पूर्ण वीज मिळत नाही. हे सगळं ठीक निघालं, तरच आतून जाम झालेल्या कॉम्प्रेसरचा विचार करायचा.

मिनिटांनी तुटणारा: उन्हात आणि धुळीत

चंद्रपूर शहराची गोष्ट वेगळी आहे. इथे मे महिन्यात सावलीतला पारा ४५-४६ अंशांवर असतो, काही वर्षी त्याच्याही वर जातो. एसीची क्षमता आणि करंट यांचे पाटीवरचे आकडे मात्र बाहेर ३५ अंश असताना मोजलेले असतात. एसीचं काम म्हणजे खोलीतली उष्णता उचलून बाहेर टाकणं. ती बाहेरच्या हवेत जावी, यासाठी बाहेरच्या जाळीतला म्हणजे कंडेन्सरमधला गॅस त्या हवेपेक्षा पंधराएक अंशांनी गरम असावा लागतो. ३५ ला तो ५० अंशांवर द्रव होतो. गच्चीवर, पश्चिमेच्या भिंतीला, टिनाच्या छपराखाली युनिट असेल तर त्यात शिरणारी हवाच ५० अंशांची असते, आणि गॅसला ६५ पर्यंत जावं लागतं.

जुन्या आर-२२ च्या एसीत हा फरक दाबाच्या भाषेत असा: ५० अंशांना सुमारे २७० पाउंड, ६५ अंशांना सुमारे ३७५. ओढणाऱ्या बाजूचा दाब ७० पाउंडच्या आसपासच असतो. तेवढ्याच गॅसला कॉम्प्रेसर शंभर पाउंड जास्त दाबतो, म्हणजे जास्त करंट घेतो, आणि जास्त दाबलेला गॅस जास्त तापतो. रोटरी कॉम्प्रेसरमध्ये हाच दाबलेला गरम गॅस डोमच्या आत मोटारीभोवतून बाहेर जातो. म्हणून असा डोम निरोगी असतानाही उन्हाळ्यात ८०-९० अंशांवर असतो. हात लावून 'तापलाय' म्हणण्यात अर्थ नाही, तो तापलेलाच असतो. प्रश्न शंभरीच्या पुढे का गेला, हा आहे.

त्यात धूळ. दुर्गापूर-ऊर्जानगरचं औष्णिक केंद्र, आजूबाजूच्या कोळसा खाणी, रस्त्यावरचे कोळशाचे ट्रक यांमुळे इथल्या कंडेन्सरच्या पात्यांमध्ये काळी, बारीक भुकटी बसते. पावसाळी ओलीत तिचा लेप होतो. धानाच्या मिलजवळ तेच काम कोंडा करतो. गंमत अशी की लेप बहुतेक वेळा जाळीच्या मागच्या, हवा आत ओढणाऱ्या बाजूला बसतो. ती बाजू भिंतीकडे असते. समोरून बघणाऱ्याला युनिट स्वच्छ दिसतं. हाताच्या पंज्याने करायची परीक्षा सोपी आहे. पंख्यासमोर हात धरला तर हवा जोराने यायला हवी. ती मंद आणि भाजणारी असेल तर जाळी तुंबली आहे, किंवा पंख्याचा स्वतःचा छोटा कपॅसिटर उतरून पंखा हळू फिरतो आहे.

करंट जास्त की कमी

मिनिटांनी तुटणाऱ्या यंत्राला दुसरा प्रश्न विचारायचा तो क्लॅम्प मीटरने: तुटण्याच्या आधी पाच मिनिटं करंट किती होता?

करंट जास्त असेल, तर कॉम्प्रेसरवर ओझं आहे. तुंबलेली जाळी, मंद पंखा, कमी व्होल्टेज, उतरलेला कपॅसिटर, जास्त भरलेला गॅस किंवा सिस्टीममध्ये राहिलेली हवा, यांपैकी काहीतरी असतं. शेवटची दोन कारणं माणसाने केलेली असतात. व्हॅक्यूम पंप न लावता नुसत्या गॅसने पाइप फुंकून युनिट जोडलं, तर थोडी हवा आत राहते. ती द्रव होत नाही, कंडेन्सरमध्ये जागा अडवून बसते आणि दाब चढवते. आणि भर उन्हात नुसता दाबाचा काटा बघून गॅस भरला, तर हमखास जास्त भरला जातो. आर-४१०ए आणि आर-३२ हे गॅस तर पाटीवरच्या ग्रॅमप्रमाणे वजनकाट्यावर तोलूनच भरायचे.

करंट पाटीपेक्षा स्पष्ट कमी असेल आणि तरीही डोम पेटल्यासारखा तापत असेल, तर तो गॅस कमी असण्याचा ठळक पुरावा. हे अनेकांना उलटं वाटतं. ओझं कमी तर ताप कसा? कारण कॉम्प्रेसरची मोटार गार राहणं परत येणाऱ्या थंड गॅसवरच अवलंबून असतं. गॅस गळून कमी झाला की जो थोडा परत येतो तो वाटेतच तापलेला असतो. तो दाबला गेला की आणखी तापतो, आणि मोटारीची उष्णता वाहून न्यायला पुरत नाही. करंटचा हीटर शांत असतो, पण पत्र्याकडून येणारी ऊब एकटीच चकती उलटवते. खुणा शोधायच्या त्या बाहेरच्या युनिटच्या व्हॉल्व्हजवळ. जाड पाइप गार आणि घामेजलेला असायला हवा, तो कोरडा आणि कोमट लागतो. बारीक पाइपच्या व्हॉल्व्हवर बर्फाची पांढरी साय दिसते. फ्लेअर नटभोवती तेलकट डाग असतो, त्यावर धूळ चिकटलेली. डाग असेल तिथेच गळती. नट न घट्ट करता गॅस भरला, तर पुढच्या उन्हाळ्यात हेच पुन्हा घडतं. फ्रिजमध्ये तुंबलेली केशनळी अशीच लक्षणं दाखवते.

आणि करंट बरोबर, डोमही नेहमीएवढाच, तरी तुटतो? तेव्हाच, आणि जवळजवळ तेव्हाच, दोष ओव्हरलोडचा. हजारो वेळा उलटून-पालटून चकती थकते, संपर्क जळतात आणि ती लवकर सुटायला लागते. तेव्हा नवा घ्यायचा तो त्याच कॉम्प्रेसरच्या नंबरचा, दिसायला सारखा म्हणून नव्हे.

दुर्गापूरच्या गच्चीवरचं एक युनिट

हे सगळं एका यंत्रावर लावून बघू. नमुन्यादाखल दुर्गापूरचं एक दुमजली घर घ्या. दहा वर्षांचा दीड टनाचा साधा स्प्लिट एसी, आर-२२ गॅस, पाटीवर ७.६ अँपिअर. बाहेरचं युनिट गच्चीवर, भिंतीपासून चार बोटांवर, वर टिनाचा पत्रा. दुपारी चारला सावलीत ४५ अंश, पण युनिटच्या पाठीमागे थर्मामीटर धरला तर ५१. पत्र्यामुळे पंख्याने फेकलेली गरम हवा फिरून पुन्हा जाळीत शिरते आहे.

एसी सकाळपासून बंद ठेवून सुरू केला. सुरू नीट झाला, म्हणजे सेकंदांचा प्रश्न मिटला. बावीस मिनिटांनी तुटला. पस्तीस मिनिटांनी आपोआप जोडला गेला आणि या वेळी चौदा मिनिटांतच तुटला, कारण दुसरी फेरी गरम डोमपासून सुरू झाली. तुटण्यापूर्वी करंट १०.४ अँपिअर, टर्मिनलवर १९८ व्होल्ट. करंट जास्त, म्हणजे गॅस कमी नाही. कारण ओझ्याच्या यादीत शोधायचं.

पहिलं काम स्वस्तातलं. एमसीबी पाडून युनिटची मागची बाजू उघडली तर पात्यांवर काळा लेप. मऊ ब्रशने तो उभ्या दिशेने झाडला. मग नळीचं साधं पाणी आतून बाहेर, म्हणजे हवेच्या नेहमीच्या दिशेच्या उलट मारलं, बाहेरून मारलं तर भुकटी आणखी आत रुतते. टर्मिनल आणि कपॅसिटरवर प्लॅस्टिक बांधलं होतं. जोराच्या प्रेशर पंपाने पाती आडवी होतात, म्हणून तो वापरला नाही. वाळल्यावर पुन्हा चालवला, करंट ९.५ वर आला. दुसरं, छतावरचा पत्रा हातभर वर उचलला आणि पुढची बाजू मोकळी केली. पाठीमागची हवा ५१ वरून ४७ वर आली. तिसरं, कपॅसिटरवर ३६ मायक्रोफॅरड छापलेले होते, मीटरने २९ दाखवले. पाच टक्के कमी-जास्त चालतं, वीस टक्के नाही. तो बदलला. चौथं, मीटरजवळच्या कटआउटचा स्क्रू सैल निघाला, वायरचं टोक काळं पडलेलं. टोक कापून नव्याने आवळलं, तेव्हा टर्मिनलवर २०९ व्होल्ट मिळाले. शेवटी करंट ८.६ अँपिअर. ४५ अंशांच्या दुपारी ७.६ च्या यंत्राने एवढा घ्यावा, हे रास्तच आहे.

१०.४ आणि ८.६ मधला फरक लहान दिसतो. पण वाइंडिंगमधली उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे आधी ती जवळजवळ दीडपट होती. चार कारणांपैकी एकटं कोणतंही ओव्हरलोड तोडायला पुरलं नसतं. चौघांनी मिळून तोडला. म्हणूनच पहिला दोष सापडला की थांबायचं नसतं, आणि प्रत्येक दुरुस्तीनंतर करंट पुन्हा मोजून कागदावर टिपायचा असतो.

बरेच जण दुपारी युनिटवर पाणी शिंपडतात. तेवढ्यापुरता फायदा होतो, कारण पाणी उडताना जाळी गार होते. पण बोअरचं जड पाणी रोज मारलं तर पात्यांवर क्षारांचा पांढरा थर बसतो, आणि तो कोळशाच्या भुकटीसारखा ब्रशने निघत नाही. युनिटवर, त्याची हवा न अडवता केलेली सावली जास्त टिकाऊ.

'कॉम्प्रेसर गेला' म्हणण्याआधी

सगळे ओव्हरलोड बाहेर बसवलेले नसतात. बऱ्याच कॉम्प्रेसरांत तो डोमच्या आत, वाइंडिंगमध्येच गुंफलेला असतो. तो तुटला की मेकॅनिक टर्मिनलवर मीटर लावतो. टर्मिनल तीन: कॉमन, रन आणि स्टार्ट. कॉमनपासून रनकडे काहीच दिसत नाही, कॉमनपासून स्टार्टकडेही नाही, आणि निकाल लागतो, वाइंडिंग ओपन. पण तिसरी जोडी मोजायची राहते. रन आणि स्टार्ट यांच्यामध्ये रोध दिसत असेल, तर दोन्ही वाइंडिंग शाबूत असण्याची शक्यता मोठी आहे. तुटला आहे तो कॉमनच्या वाटेवरचा आतला ओव्हरलोड. तो निवायला दोन-तीन तासही लागू शकतात, भर दुपारी त्याहून जास्त. रात्रभर वीज बंद ठेवून सकाळी पुन्हा मोजलं, तर कित्येक 'मेलेले' कॉम्प्रेसर जिवंत निघतात. सकाळीही ओपनच असेल, किंवा कोणत्याही टर्मिनलपासून डोमच्या पत्र्याला वीज जात असेल, तर मात्र तो खरंच गेला.

इन्व्हर्टर एसीत ही टक् करणारी चकती मुख्य पहारेकरी नसते. तिथे सर्किट बोर्ड ताप आणि करंट बघून आधी वेग कमी करतो आणि मग एरर कोड दाखवून बंद होतो. कारणांची यादी मात्र तीच.

राहता राहिला डायरेक्ट करण्याचा मार्ग. ओव्हरलोड काढून टाकला तर डोमचा ताप तिथे थांबत नाही, चढत राहतो. वाइंडिंगवरच्या लेपाचं आयुष्य दर दहा अंशांच्या वाढीला साधारण निम्मं होतं. तेल काळं पडतं, त्यात आम्ल तयार होतं आणि ते साऱ्या पाइपांत पसरतं. शेवटी वाइंडिंग शॉर्ट होते, आणि कधी टर्मिनलची काच फुटून तापलेलं तेल आणि गॅस फवाऱ्यासारखे बाहेर येतात. नव्या एसीतला आर-३२ आणि फ्रिजमधला आर-६००ए हे गॅस पेट घेऊ शकतात. म्हणजे हा धोका पैशांपुरता नाही.

जळालेल्या कॉम्प्रेसरच्या जागी नवा बसवतानाही हाच हिशेब लागतो. आम्लाने माखलेले पाइप धुतले नाहीत, फिल्टर ड्रायर बदलला नाही, व्हॅक्यूम केला नाही, आणि ज्या तुंबलेल्या जाळीमुळे किंवा सैल जोडामुळे पहिला जळाला ती तशीच ठेवली, तर नव्या कॉम्प्रेसरचा ओव्हरलोडही त्याच उन्हाळ्यात बावीस मिनिटांनी तुटायला लागेल. म्हणून कॉम्प्रेसर बदलण्याचं बिल मंजूर करण्यापूर्वी मालकाने मेकॅनिकला चार आकडे विचारावेत: किती वेळाने तुटला, तेव्हा करंट किती होता, सुरू होताना टर्मिनलवर व्होल्ट किती होते, आणि कपॅसिटर किती भरला. हे चारही आकडे अर्ध्या दुपारात मिळतात. ते न मोजता बदललेला कॉम्प्रेसर म्हणजे मूळ दोषाला दिलेला नवा बळी.